लिलाव जिंकणारा बहुतेक वेळा जास्त पैसे का मोजतो?

प्रश्न: पंधरा वर्षं कापडाचा होलसेल धंदा करतोय, भाव पाडून घेण्यात मला कुणी हरवत नाही. गेल्या आठवड्यात बँकेच्या ई-लिलावात पिंपरी-चिंचवडमधला 400 चौरस फुटांचा गाळा घेतला, पुढे विकायच्या हिशेबाने. आम्ही पाच बोलीदार होतो. माझ्या मते गाळा 68 लाखांचा होता, 64 ला पडला म्हणून खूश होतो. 25 टक्के भरलेत. आता दोन दलाल सांगतात की 60 च्या वर गिऱ्हाईक मिळणार नाही, वर सोसायटीची 2 लाख 60 हजारांची थकबाकी निघाली. माझं नेमकं चुकलं कुठे? उरलेले पैसे भरू की सोडून देऊ? आणि पुढच्या वेळी लिलाव टाळून थेट मालकाशी बोलणी केली तर बरं पडेल का?

उत्तर: मी नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे. बावीस वर्षांत बँकांसाठी मालमत्तांचं मूल्यांकन केलं आणि बोली लावणाऱ्यांनाही सल्ला दिला. तुमच्यासमोर मुदतीचा प्रश्न आहे, म्हणून पैसे भरायचे की नाही ते आधी बघू. चूक कुठे झाली ते त्यानंतर सावकाश.

उरलेले पैसे भरा. तुम्ही 64 लाखांचे 25 टक्के, म्हणजे 16 लाख भरलेत. विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेले 48 लाख द्यायचे असतात. मुदत वाढवून मिळते, पण ती लेखी घ्यावी लागते आणि तीन महिन्यांच्या पुढे जाता येत नाही. तोवर पैसे भरले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त होते. ती पूर्ण जप्त करता येते, बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं हे तिथे बघितलं जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2024 चा निकाल आहे. तेव्हा ते 16 लाख तुमच्या हातातून गेलेच असं धरा आणि पुढचाच हिशेब करा. अजून 48 लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे मिळून साधारण 4 लाख 80 हजार, आणि थकबाकीचे 2 लाख 60 हजार. एवढे घातले की दलालांच्या भावाने 60 लाखांची वस्तू हातात येते. घालायचे 55 लाख 40 हजार, मिळायचे 60 लाख. सोडून दिलं तर 16 लाखांचा तोटा, घेतलं तर साडेअकरा लाखांच्या आसपास. दोन्हीकडे दुखणारच, पण घेतल्यास कमी दुखेल.

आता चूक. तुम्ही ती घासाघिशीत शोधताय, आणि तिथे ती सापडणार नाही. बँकेशी तुमची कसली बोलणी झालीच नाहीत. समोर पडदा होता, त्यावर आकडे होते आणि पलीकडे चार अनोळखी माणसं आकडे टाकत होती. भाव पाडायचं कसब वापरायला तिथे कुणी समोरच नव्हतं. ती स्पर्धा अंदाजाची होती. अशा स्पर्धेत ज्याचा अंदाज सगळ्यांत बरोबर असतो तो जिंकत नाही, ज्याचा सगळ्यांत जास्त असतो तो जिंकतो. सगळं गणित या एका फरकावर उभं आहे.

पाच आकडे घेऊन बघू. समजा गाळ्याची खरी किंमत 60 लाखच आहे आणि पाचही जण शहाणे, अनुभवी आहेत. तरी प्रत्येकाचा अंदाज थोडा वर किंवा थोडा खाली जाणारच, कारण कुणी दर्शनी गाळ्याचा भाव धरतो, कुणी मागच्या बाजूचा, कुणी चटई क्षेत्र धरतो तर कुणी बांधीव. चूक 12 लाखांपर्यंत वर किंवा तितकीच खाली जाऊ शकते असं धरलं, तर पाच जणांचे अंदाज साधारण 52, 56, 60, 64 आणि 68 असे पसरतात. पाचांची सरासरी काढा, बरोबर 60 येते. पाच जण मिळून काहीच चुकलेले नाहीत. पण लिलाव सरासरीला वस्तू देत नाही, तो 68 वाल्याला देतो. आणि खुल्या बोलीत भाव दुसऱ्या क्रमांकाचा माणूस थांबतो तिथे थांबतो, म्हणजे 64 ला. तुमचा अंदाज 68, तुम्ही मोजले 64, दलाल सांगतात 60. मी आकडे तुमच्या गोष्टीला जुळवून घेतलेत हे खरं, पण पाच बोलीदार आणि एवढी चूक धरली की सरासरीने हेच चित्र निघतं. तुम्ही वेंधळेपणा केला असं समजू नका. तुमच्या जागी दुसरा कुणी 68 म्हणाला असता तर हा प्रश्न आज त्याने विचारला असता.

याला विजेत्याचा शाप म्हणतात. हे नाव तेलाच्या धंद्यातून आलं. अमेरिकन सरकार मेक्सिकोच्या आखातात समुद्राखालचे पट्टे तेल शोधण्यासाठी बंद पाकिटातल्या बोलीने देत असे. अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीतल्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये एक निबंध लिहिला. या पट्ट्यांवर कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी परतावा का मिळतो, हे त्यांना शोधायचं होतं. जमिनीखाली किती तेल आहे हे कुणालाच माहीत नसतं, प्रत्येक कंपनीचे भूशास्त्रज्ञ आपापला अंदाज काढतात आणि सगळ्यांत आशावादी अंदाज काढणारी कंपनी पट्टा घेऊन जाते. अंदाजांत किती अंतर असतं याचा त्यांनी दिलेला दाखला मला विसरता येत नाही. 1969 मध्ये अलास्कातल्या उत्तर उतार या तेलाच्या प्रदेशातले पट्टे विकले गेले, तेव्हा जिंकलेल्या बोलींची बेरीज 90 कोटी डॉलर होती, आणि त्याच पट्ट्यांवर दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या बोलींची 37 कोटी. हे जगातले अव्वल तज्ज्ञ होते. बंद पाकिटात तर दुसऱ्याच्या आकड्याला थांबायचीही सोय नाही, जो आकडा लिहिला तो पूर्ण मोजावा लागतो.

तुम्हाला वाटेल, लोक मुळातच फुगवून अंदाज करतात म्हणून हे होत असणार. तसं नाही. मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युअलसन यांनी 1983 मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर नाणी वगैरेंनी भरलेल्या बरण्या ठेवून बोली घेतल्या. प्रत्येक बरणीत 8 डॉलरचा ऐवज होता, पण ते विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या अंदाजांची सरासरी निघाली 5 डॉलर 13 सेंट, म्हणजे खऱ्यापेक्षा बरीच कमी. एकूण वर्ग घाबरटच होता. तरीही जिंकणाऱ्या बोलींची सरासरी 10 डॉलर 1 सेंट होती. विजेता बरणीमागे दोन डॉलर हरला. सगळा बाजार सावध असला तरी विजेता सावध असतोच असं नाही, कारण विजेता म्हणजे त्या बाजारातला सगळ्यांत बेसावध माणूस.

आता तुमच्या अतिआत्मविश्वासाकडे येतो. तो शब्द मी गर्व या अर्थाने वापरत नाही. माझ्या धंद्यात त्याचा अर्थ मोजता येतो: माझा आकडा किती चुकू शकतो हे मी प्रत्यक्षापेक्षा कमी धरतो, एवढाच. तुम्ही 68 म्हणालात. लिलावाच्या आदल्या रात्री मी विचारलं असतं की यात इकडे-तिकडे किती, तर बहुधा म्हणाला असता, "दोन-तीन लाख." बहुतेक सगळे तेवढंच सांगतात. आता हा आकडा गणितात घाला. पाच बोलीदार असताना चूक खरोखर तीनच लाखांपर्यंत जात असेल, तर विजेत्याचा अंदाज खऱ्यापेक्षा सरासरी दोन लाखांनी वर असतो. दोन लाख वजा केले की माणूस सुरक्षित. पण चूक 12 लाखांपर्यंत जात असेल तर विजेता सरासरी आठ लाखांनी वर असतो. शाप माहीत असलेला माणूससुद्धा इथेच सापडतो. दोन लाख वजा करतो, आपण काळजी घेतली असं समजतो आणि सहा लाखांना बुडतो.

कापडात तुमची खात्री खोटी नाही. हातात कापड घेतलं की ताण्याबाण्याचा अंदाज येतो, महिन्यातून शंभर सौदे होतात, चुकलात तर आठवड्यात कळतं. पंधरा वर्षांत तुमचा अंदाज घासून घासून बारीक झालाय. गाळे तुम्ही आयुष्यात किती घेतलेत? दोन? तीन? आणि चूक कळायला वर्षं गेली असतील. खात्री मात्र माणूस एका धंद्यातून दुसऱ्यात जशीच्या तशी घेऊन जातो. यशस्वी व्यापाऱ्यांमध्ये हे मी जास्त पाहिलंय, कारण त्यांची खात्री मूळ धंद्यात खरी ठरलेली असते.

तुमचे 68 कसे आले असतील, तेही सांगतो. 400 चौरस फूट गुणिले 17,000. आणि 17,000 हा बहुधा शेजारच्या गाळ्यांचा सांगितलेला भाव असेल. सांगितलेला भाव हा विकणाऱ्याचा आशावाद असतो. खरे झालेले सौदे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे सौद्याच्या नोंदीचा उतारा, काढून दिसतात. गेल्या वर्षा-दीड वर्षातले त्याच रस्त्यावरचे चार-पाच सौदे काढले असते, तर दलाल सांगतायत ते 15,000 दिसले असते, किंवा निदान 14 ते 17 असा पसारा तरी दिसला असता. दुसरी पडताळणी भाड्याची. असा गाळा महिना 25,000 ला जात असेल तर वर्षाचे तीन लाख होतात, आणि 5 टक्के परताव्याने ते 60 लाखांवर येतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांपासून जेवढे लांब, तेवढा तुमच्या अंदाजाचा पसारा मोठा समजायचा.

आणखी एक गोष्ट तुमच्याच आकड्यांत दिसते. 68 चा माल 64 ला मिळाला, म्हणजे चार लाख सुटले असं तुम्ही धरलंत. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचाच खर्च त्याहून जास्त आहे. तुमचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला असता तरी विकायच्या हिशेबाने हा सौदा तोट्यातच होता. स्पर्धेत उतरलं की माणूस वस्तूची किंमत आणि बोलीचा आकडा एवढ्या दोनच गोष्टी डोक्यात ठेवतो, बाकी खर्च नंतर आठवतात. बँकेच्या जाहिरातीत "जशी आहे, जिथे आहे" असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. सोसायटीची थकबाकी, महापालिकेचा कर, वीजबिल, सगळं शोधून काढायचं काम घेणाऱ्याचं. विजेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलंय की पुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी नव्या खरेदीदाराकडे मागता येते. वीज कंपनीकडे अजून चौकशी केली नसेल तर उद्याच करा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला खात्री आहे की बोली चालू असताना तुमच्या मनात एक विचार आला असेल: चार माणसं 60 च्या आसपास बोलतायत, म्हणजे वस्तूत दम आहे. दुसऱ्याची बोली पाहून आपली खात्री वाढते, आणि मला सगळ्यांत मोठं नुकसान यात दिसतं. जो अजून बोलतोय त्याच्याकडून तुम्हाला फारसं काही कळत नाही, तो तुमच्यासारखाच अंदाजावर चाललाय. कळतं ते थांबलेल्याकडून. बोलींची यादी बँकेकडे किंवा लिलावाच्या संकेतस्थळावर मिळत असेल तर काढा आणि कोण कुठे थांबला ते बघा. समजा एक 52 ला थांबला, दुसरा 56 ला, तिसरा 60 ला. 60 ला तुम्ही दोघंच उरलात तेव्हा तीन माणसांनी आपापला अंदाज तुम्हाला फुकट सांगून टाकला होता. तुमचे 68 आणि सगळ्यांत खालचे 52 यांच्या मधोमध 60 येतात. त्या क्षणी तुमचा हात थांबायला हवा होता. एक सावधगिरी मात्र ठेवा, कुणी पैसे संपले म्हणूनही थांबतो, त्याचं थांबणं वस्तूबद्दल काही सांगत नाही. म्हणून एकाच्या जाण्यावर विसंबायचं नाही. पण तिघं गेले की तो निरोपच असतो.

हे मी स्वतः महागात शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्या व्यापाऱ्याला शहराबाहेरच्या गोदामाचा अंदाज काढून दिला होता. बोलीदार नऊ. आमच्या आकड्याच्या खूप खाली एकेक जण गळत गेला आणि मला वाटलं, यांना जागेची किंमत कळत नाही. गोदाम मिळालं. पहिल्या महिन्यात कळलं की आतल्या वळणावर मोठा ट्रक वळतच नाही, माल छोट्या गाड्यांतून आणावा लागतो. त्या भागातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. त्यांच्या कमी बोलींमध्ये ते लिहिलेलं होतं आणि मला वाचता आलं नाही. त्या माणसाचे पैसे गेले, ती गोष्ट अजून मनात आहे.

यातून एक उलटं वाटणारं काम करावं लागतं. बोलीदार जास्त असतील तर आपला आकडा कमी करायचा. सगळे उलट करतात, गर्दी दिसली की ताणतात. आपल्या उदाहरणात बोलीदार तीन असतील तर खुल्या बोलीत भाव सरासरी 60 वरच थांबतो, म्हणजे खऱ्या किमतीवर. पाच असतील तर 64, अकरा असतील तर 68. वस्तू तीच, माणसंही तेवढीच शहाणी, फक्त डोकी वाढली. जॉन केगल आणि डॅन लेव्हिन यांनी 1986 मध्ये बंद बोलीचे प्रयोग केले, सरावलेल्या बोलीदारांवर. तीन-चार जणांच्या गटात ते नफ्यात राहत. गट सहा-सात जणांचा झाला की तेच लोक जास्त ताणून बोलत आणि तोट्यात जात. सरावाने ते छोट्या गटापुरतं शिकले होते, त्यामागचं कारण मात्र त्यांना समजलं नव्हतं.

पुढच्या बोलीसाठी आदल्या रात्री कागदावर एक आकडा नको, एक पट्टा लिहा: दहा वेळांपैकी नऊ वेळा खरी किंमत यात बसेल एवढा. मग तो पट्टा तपासा. नुकत्याच विकल्या गेलेल्या दहा गाळ्यांची माहिती दुसऱ्या कुणाला काढायला सांगा, भाव झाकून ठेवा, प्रत्येकाचा पट्टा लिहा आणि मग भाव उघडा. नऊ बसायला हवेत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा निम्म्याहून जरा जास्त बसले, आणि हा माझा रोजचा धंदा आहे. जेवढे बाहेर गेले तेवढा पट्टा रुंद करा, तुमची खरी चूक तीच. पाच बोलीदार आणि 12 लाखांची चूक असेल तर अंदाजातून सात-आठ लाख वजा करून वरची मर्यादा ठरवा, त्यातून शुल्क आणि थकबाकी काढा. राहिलेला आकडा बोलीचं बटण दाबणाऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि तो माणूस तुम्ही नसाल तर उत्तम. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पुन्हा पाच मिनिटांनी वाढते, आणि 50-50 हजारांच्या टप्प्यांत तासाभरात चार लाख कधी चढले ते कळतही नाही.

याची किंमत आहे, ती आधीच सांगतो. असं केलंत तर बहुतेक लिलाव तुम्ही हराल. दहातले आठ-नऊ हराल, आणि दुसरा कुणी तुमच्या मर्यादेपेक्षा दोन लाख जास्त देऊन घेऊन जाईल. ते सहन होत नसेल तर या धंद्यात उतरू नका. दुसरा मार्ग पसारा कमी करण्याचा आहे. प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आहे की फक्त कागदोपत्री, आत कुणी भाडेकरू आहे का, सोसायटीकडून थकबाकीचं पत्र, मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल. या कामांत चार दिवस आणि थोडे पैसे जातात, पण चूक 12 लाखांवरून सहावर आली तर वजा करायची रक्कमही निम्मी होते. मग तुम्ही जास्त बोलू शकता आणि तरी सुरक्षित राहता. ज्याची माहिती बारीक, तोच जास्त मोजू शकतो.

एक गोष्ट यात बसत नाही तीही सांगायला हवी. गाळा तुम्ही स्वतःच्या दुकानासाठी घेतला असता, शेजारीच तुमचं गोदाम असतं, तर तो तुम्हाला 68 ला परवडला असता आणि इतर चौघांना 60 ला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मग जिंकणं म्हणजे चूक नव्हे. राहण्यासाठी घर घेणाऱ्यालाही हा शाप कमी लागतो. विकण्यासाठी घेतलं की मात्र किंमत सगळ्यांना एकच, जी बाजार देईल ती, आणि मग तो पुरेपूर लागतो.

आता थेट मालकाशी बोलणी. तिथे तुमचं कसब उपयोगी पडेल असं वाटणं साहजिक आहे, पण शाप तिथेही येतो आणि एकट्या बोलीदारालाही गाठतो. सॅम्युअलसन आणि बेझरमन यांचंच आणखी एक कोडं आहे, ते रुपयांत सांगतो. मालमत्तेची मालकासाठी किंमत शून्य ते 100 लाखांमध्ये कुठेही असू शकते. मालकाला ती माहीत आहे, तुम्हाला नाही. तुम्ही ती दुरुस्त करून दीडपट करू शकता. तुम्ही एकच भाव सांगायचा, तो हो किंवा नाही म्हणणार. किती सांगाल? बहुतेक लोक म्हणतात, सरासरी 50 ची, मला 75 ची, मधला 60 सांगतो. आता मालकाच्या जागी बसा. 60 ला तो हो कधी म्हणेल? त्याच्या मालाची किंमत 60 च्या आत असेल तेव्हाच. म्हणजे त्याने हो म्हटलं की किंमत शून्य ते 60 मध्ये आली, सरासरी 30. तुम्हाला ती दीडपट, 45. मोजले 60, सरासरी तोटा 15. दुसरा कुठलाही आकडा घालून बघा, प्रत्येक वेळी तोटाच येतो. दीडपट फायदा दिसत असतानासुद्धा.

चांगला घासाघीस करणारा इथे जास्त फसतो, कारण समोरच्याचा होकार तो आपल्या कसबाची पावती समजतो. मार्गारेट नील आणि बेझरमन यांनी बोलणी करणाऱ्यांची अशी खात्री एका प्रयोगात मोजली. लवाद दोन पक्षांच्या शेवटच्या प्रस्तावांपैकी एकच उचलणार, मधला रस्ता नाही, अशी रचना होती. म्हणजे एकूण निम्मेच प्रस्ताव स्वीकारले जाऊ शकतात. पण आपला प्रस्ताव स्वीकारला जाईल याची शक्यता प्रत्येकाने सरासरी 68 टक्के धरली होती. प्रत्येकाला स्वतःची बाजू दिसते, समोरचा काय जाणतो ते दिसत नाही.

म्हणून थेट बोलणीत भाव सांगण्याआधी स्वतःला विचारा, यावर तो लगेच हो म्हणाला तर मला त्याच्या मालाबद्दल काय कळेल? उत्तर घाबरवणारं असेल तर भाव बदलण्यापेक्षा अटी बदला. विसार छोटा द्या. मोठी रक्कम सोसायटीचा ना हरकत दाखला, कर भरल्याच्या पावत्या आणि शोध अहवाल हातात आल्यावर. गळती, वाद, रस्तारुंदी यांबद्दल मालकाकडून लेखी घ्या, खोटं निघालं तर रक्कम परत, असं करारात घाला. ज्याचा माल चांगला आहे तो कुरकुरत का होईना लिहून देतो. दोन लाख भाव कमी करायला तयार पण चार ओळी लिहून द्यायला तयार नाही, असा मालक भेटला तर त्याने तुम्हाला हवं ते सांगून टाकलंय.

सध्याच्या गाळ्याचं म्हणाल तर या आठवड्यात बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र द्या, ताबा कधी आणि कसा मिळणार ते लेखी मागा. सोसायटीकडून थकबाकीचा महिनावार तपशील घ्या, त्यात व्याज आणि दंड किती ते वेगळं काढा. व्याजावर सोसायट्या बऱ्याचदा ऐकतात, आणि इथे तुमचं घासाघिशीचं कसब खरोखर कामाला येईल, कारण समोर माणसं असतील आणि त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नसेल. विकायची घाई करू नका. 25,000 भाड्याने गेला तर दोन वर्षांत सहा लाख येतात, तोवर त्याच रस्त्यावरचे सौदे इंडेक्स टू वर बघत राहा.